कॅपिटल अक्षरे, डॉट आणि न पोहोचलेली नोटीस: एक प्रकरण अभ्यास

पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेने वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस यंदा प्रथमच ईमेलने पाठवली, आणि नोटीस निघून आठवडा उलटल्यावर चार सभासदांनी ती आपल्याला मिळालीच नाही अशी लेखी तक्रार सचिवांकडे दिली. संस्थेचे संकेतस्थळ आणि मेल ज्या लहानशा सर्व्हरवर चालतात त्याची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे तक्रारीचा कागद माझ्या टेबलावर आला. तोवर सचिवांनी कारणही नक्की करून ठेवले होते. सभासदांची यादी संगणकावर चढवणाऱ्या मुलाने सर्व ईमेल पत्ते कॅपिटल अक्षरांत टंकले होते. "अहो, सगळे पत्ते मोठ्या अक्षरांत पडलेत, मग मेल जाणार कुठे?" असे त्यांनी मला फोनवर विचारले. शिवाय काही पत्त्यांतील टिंबे, म्हणजे बोलण्यातले डॉट, यादीत गळाली होती, पण त्याकडे त्यांनी फारसे लक्ष दिले नव्हते.

यादी अशी का झाली हे मूळ फॉर्म पाहिल्यावर कळले. फॉर्मच्या माथ्यावर "माहिती इंग्रजी कॅपिटल अक्षरांत भरावी" अशी सूचना छापलेली होती आणि ईमेलसाठी चौकोनांची एक रांग दिलेली होती. कोणी डॉटसाठी स्वतंत्र चौकोन वापरला होता, कोणी तो दोन चौकोनांमधल्या उभ्या रेघेवरच टेकवला होता, आणि रेघेवरचा डॉट झेरॉक्समध्ये रेघेतच मिसळून गेला होता. टंकणाऱ्या मुलाने जे दिसले ते इमानेइतबारे टंकले, तेव्हा त्याला दोष देण्यासारखे फार काही नव्हते.

यादीत एकूण ७१ पत्ते होते. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे मेल लॉगमध्ये, त्या दिवशीच्या ७१ नोंदी होत्या. त्यांपैकी ६९ पुढच्या सर्व्हरने स्वीकारल्या होत्या आणि दोन परत आल्या होत्या. परत आलेल्या मेलची सूचना नोटीस ज्या पत्त्यावरून निघाली त्या पत्त्यावर येते. तो `noreply` नावाचा पत्ता असल्यामुळे ती पेटी कोणी उघडत नव्हते आणि दोन्ही सूचना तिथे न वाचता पडून होत्या. सचिवांच्या तर्काला पहिला धक्का याच आकड्यांनी दिला, कारण ७१ पैकी ७१ पत्ते कॅपिटलमध्ये होते. कॅपिटल अक्षरांमुळे मेल अडत असते तर तक्रारी चार न येता जवळजवळ सर्वांच्या आल्या असत्या.

तरीही "चालले म्हणजे बरोबरच आहे" एवढ्यावर मला थांबायचे नव्हते, म्हणून पत्त्याचे दोन भाग वेगळे करून पाहणे आवश्यक होते. ॲटच्या उजवीकडील भाग हे डोमेनचे नाव आहे. मेल कोणत्या सर्व्हरकडे न्यायचा हे त्यावरून ठरते, आणि डोमेनच्या नावांत कॅपिटल व स्मॉल हा भेद मानायचा नाही हा इंटरनेटच्या नाव-व्यवस्थेचा मूळचाच नियम आहे. त्यामुळे `GMAIL.COM` आणि `gmail.com` यांत फरक नाही, आणि तो कोणत्याही सर्व्हरच्या मर्जीवर सोडलेला नाही. याच उजव्या भागातील डॉटला मात्र कोणतीही सवलत नाही. तिथला डॉट नावाचे टप्पे वेगळे करतो. तो गळाला किंवा सरकला की ते निराळेच डोमेन होते, आणि ते भलत्याच कोणाच्या मालकीचे असू शकते.

डावीकडील भागाची गोष्ट वेगळी आहे. मेलची देवाणघेवाण ज्या एसएमटीपी नियमांनी चालते त्यांचा १९८२ चा मसुदा जॉन पोस्टेल यांनी लिहिला. काही संगणकांवर वापरकर्त्याच्या नावातील लहान-मोठी अक्षरे वेगळी मानली जातात, म्हणून मेल पुढे नेणाऱ्या प्रत्येक सर्व्हरने ती जशी आली तशीच राखावीत, असे त्यात सांगितले होते. त्याच नियमांचा २००८ चा सुधारित दस्तऐवज, आरएफसी ५३२१, हेच म्हणतो आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट आहेत. डाव्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त त्या डोमेनच्या सर्व्हरला आहे, वाटेतल्या कोणालाही नाही. आणि अक्षरभेद तत्त्वतः शक्य असला, तरी त्याचा फायदा घेऊन दोन वेगळ्या पेट्या काढू नयेत, कारण त्याने व्यवहारात घोटाळे होतात. म्हणजे `Sachiv` आणि `sachiv` या दोन वेगळ्या व्यक्ती असणे नियमाच्या कागदावर शक्य आहे, पण तसे सहसा कोणी ठेवत नाही. जीमेल, आउटलुक, याहू यांपैकी कोणीही तसे करत नाही. सर्व्हरवर सर्रास वापरले जाणारे पोस्टफिक्स हे मेल-सॉफ्टवेअर पेटी शोधण्यापूर्वी नाव लहान अक्षरांत करून घेते, आणि एक्झिम हे दुसरे मेल-सॉफ्टवेअरही मुद्दाम वेगळे सांगितले नाही तर तेच करते.

सचिवांना हे तोंडी पटले नसते, म्हणून त्यांना शेजारी बसवून आमच्याच सर्व्हरशी हाताने संवाद करून दाखवला. खाली संस्थेच्या खऱ्या डोमेनऐवजी नमुन्याचे डोमेन घातले आहे.

```
RCPT TO:<SACHIV@example.org>
250 2.1.5 Ok
RCPT TO:<sa.chiv@example.org>
550 5.1.1 <sa.chiv@example.org>: Recipient address rejected: User unknown in virtual mailbox table
```

पहिल्या ओळीत ॲटच्या डावीकडील सगळी अक्षरे मोठी आहेत आणि सर्व्हरने `250` म्हणजे "चालेल" असे उत्तर दिले. तिसऱ्या ओळीत अक्षरे लहान आणि बरोबर आहेत, फक्त मध्ये एक डॉट जास्त आहे. त्यावर `550` आले, म्हणजे "असा कोणी इथे राहत नाही". आमच्या सर्व्हरच्या दृष्टीने डॉट हे इतर अक्षरांसारखेच एक अक्षर आहे. सचिव थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे मी उलटे धरून बसलो होतो."

पूर्णपणे उलटे मात्र नव्हते, हे दुसऱ्या तक्रारीत दिसून आले.

पहिली तक्रार सोपी होती. सभासदांचा पत्ता जीमेलचा, यादीत कॅपिटल पण बरोबर, आणि लॉगमध्ये जीमेलच्या सर्व्हरने मेल स्वीकारल्याची नोंद. मी त्यांच्या घरी जाऊन फोनवर स्पॅमची पेटी उघडली तेव्हा नोटीस तिथे होती. सर्व्हरने `250` म्हटले याचा अर्थ मेल त्या सर्व्हरने स्वीकारला एवढाच असतो. खात्यात गेल्यावर तो कोणत्या कप्प्यात पडेल हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचा पत्त्यातील अक्षरांशी संबंध नाही.

दुसरी तक्रारही जीमेलचीच होती, पण तो मेल परत आला होता. उत्तर होते की असे खातेच नाही. मूळ फॉर्म आणि यादी शेजारी ठेवल्यावर लक्षात आले की आडनावातील इंग्रजी ओ यादीत शून्य म्हणून उतरला होता. पत्ता लहान अक्षरांत लिहिला असता तर `o` हा `0` पेक्षा बुटका दिसला असता आणि ही चूक बहुधा झाली नसती. कॅपिटलमध्ये `O` आणि `0` हाताच्या लिखाणात जवळजवळ सारखेच दिसतात, आणि `I` व `1` यांचेही तसेच होते. तेव्हा मेल पोहोचवण्यात कॅपिटल अक्षरांची आडकाठी नव्हती, पण कागदावरून पत्ता वाचण्यात होती. सचिवांचा संशय बरोबर माणसावर पण चुकीच्या गुन्ह्यासाठी होता.

तिसऱ्या तक्रारीत माझाच अंदाज चुकला. या सभासद बाईंनी नोकरीच्या ठिकाणचा पत्ता दिला होता. फॉर्मवर नाव आणि आडनाव यांच्यामध्ये रेघेवर टेकलेला डॉट होता आणि यादीत तो गळाला होता. कंपनीचे मेल कोण सांभाळते हे पाहण्यासाठी मी त्यांच्या डोमेनची मेल-नोंद तपासली. नमुन्याचे डोमेन घालून आज्ञा अशी:

```
nslookup -type=mx example.com
```

उत्तरात `aspmx.l.google.com` हे नाव आले, म्हणजे कंपनीचे मेल गूगलच्याच सर्व्हरवर होते. जीमेल डॉट मोजत नाही हे मला ठाऊक होते, त्यामुळे इथे डॉट गळाल्याने काही बिघडायला नको असे मी गृहीत धरले आणि अर्धा तास भलतीकडे शोधण्यात घालवला. वस्तुस्थिती अशी की डॉट दुर्लक्षित करण्याचा नियम `gmail.com` वरच्या वैयक्तिक खात्यांपुरता आहे. कंपनी, शाळा किंवा संस्था स्वतःच्या डोमेनवर गूगलची सेवा घेते तेव्हा डॉट धरला जातो, आणि डॉटचा व बिनडॉटचा असे दोन पत्ते दोन वेगळ्या कर्मचाऱ्यांना देता येतात. लॉगमधील नोंद संक्षेपाने अशी होती:

```
to=<NAAVAADNAAV@EXAMPLE.COM>, relay=aspmx.l.google.com, status=bounced (550-5.1.1 The email account that you tried to reach does not exist.)
```

डॉट घालून तीच नोटीस पुन्हा पाठवली, या वेळी मुद्दाम सर्व अक्षरे कॅपिटल ठेवून, आणि बाईंचा दोन मिनिटांत "मिळाली" असा निरोप आला.

वैयक्तिक जीमेलचे उदाहरण याच यादीत सापडले. मी जीमेलचे सगळे फॉर्म यादीशी ताडून पाहिले तेव्हा असे सात जीमेल पत्ते निघाले की ज्यांतील डॉट यादीत उतरलेच नव्हते. सातही जणांना नोटीस मिळालेली होती आणि त्यांच्यापैकी कोणाला आपला पत्ता चुकला आहे हे कळलेही नव्हते. जीमेल खाते शोधताना डाव्या भागातील डॉट काढून टाकूनच पाहते. दहा अक्षरांच्या नावात नऊ फटी असतात आणि प्रत्येक फटीत एक डॉट ठेवता येतो किंवा वगळता येतो, तेव्हा एकाच खात्याची ५१२ रूपे लिहिता येतात आणि ती सगळी एकाच पेटीत उतरतात. आपल्या पत्त्यातील डॉट हलवून दुसऱ्या कोणाला जीमेलवर नवे खाते काढताही येत नाही. म्हणून एखाद्याला सारख्याच नावाच्या परक्या माणसाचे वीजबिल किंवा विमानाचे तिकीट जीमेलवर येऊ लागले, तर "त्याचा डॉटचा पत्ता माझ्या बिनडॉटच्या पत्त्यात मिसळला" असे समजू नये. त्या दुसऱ्या माणसाचा खरा पत्ता वेगळाच असतो, एखादा आकडा किंवा आद्याक्षर जास्त असलेला, आणि तो देताना त्याने किंवा टंकणाऱ्याने चूक केलेली असते.

याच सवलतीची दुसरी बाजूही यादीत होती. एका सभासदांच्या संस्थेत दोन सदनिका आहेत. एका फॉर्मवर त्यांनी पत्ता डॉटसह लिहिला होता आणि दुसऱ्यावर डॉटशिवाय, त्यामुळे त्यांना नोटीस दोनदा मिळाली. दुहेरी पत्ते गाळण्याची व्यवस्था आमच्या यादीत होती, पण तिच्या लेखी हे दोन निराळे पत्ते होते आणि तिचे ते म्हणणे योग्यच होते. जीमेल त्या दोन रूपांना एक मानते हा जीमेलचा अंतर्गत निर्णय आहे. तो बाहेरच्या यादीला ठाऊक असण्याचे कारण नाही.

चौथी तक्रार दिसायला सर्वांत साधी आणि परिणामांत सर्वांत वाईट होती. तिसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त सभासदांचा पत्ता आउटलुकचा होता आणि त्यातलाही डॉट गळाला होता. आउटलुक डॉट धरते, म्हणून हा मेलही तिसऱ्या तक्रारीप्रमाणे परत यायला हवा होता, पण लॉगमध्ये तो स्वीकारला गेल्याची नोंद होती. आजोबांनी सर्व कप्पे माझ्यासमोर उघडून दाखवले, स्पॅमसुद्धा, आणि नोटीस कुठेही नव्हती. याचा मला एकच अर्थ लावता आला. बिनडॉटचा पत्ता आउटलुकवर दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि नोटीस त्या परक्या माणसाकडे पोहोचली आहे. नोटिशीला सभासदांच्या थकबाकीची यादी जोडलेली होती.

परत आलेला मेल निदान चूक झाली एवढे सांगतो. चुकीच्या पण अस्तित्वात असलेल्या पत्त्यावर गेलेला मेल काहीच सांगत नाही, आणि लॉगकडे पाहून तो बरोबर पोहोचलेल्या मेलपासून वेगळा ओळखता येत नाही. तो उघडकीस येतो तो फक्त ज्याला मिळायला हवा होता त्याने तक्रार केली तर. आजोबांनी तक्रार केली नसती तर आमच्या दफ्तरी ती नोटीस कायमची "पोहोचली" म्हणूनच राहिली असती. बाकीच्या ६८ स्वीकारलेल्या नोंदींपैकी जीमेलखेरीज इतर सेवांवरचे जे पत्ते होते ते त्यानंतर मी एकेक करून फॉर्मशी जुळवले. आणखी चूक निघाली नाही.

सचिवांच्या मनात कॅपिटलविषयीचा संशय इतका पक्का का बसला होता, हे शेवटी त्यांच्याच बोलण्यातून निघाले. नोटीस गेल्यापासून त्यांना दहाबारा फोन आले होते की संकेतस्थळावर अहवाल पाहायला गेले तर ओटीपीचा मेल येत नाही, आणि कोणीतरी पत्ता कॅपिटलमध्ये टाकून पाहिल्यावर तो लगेच आला होता. या निरीक्षणात चूक नव्हती. अहवाल पाहण्यासाठी सभासदाने आपला ईमेल टाकायचा, प्रणालीने तो यादीत शोधायचा आणि सापडला तर ओटीपी पाठवायचा अशी ती रचना होती. यादी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये होती, आणि तिथे साध्या तुलनेत `A` आणि `a` ही भिन्न अक्षरे आहेत. यादीतील पत्ता कॅपिटल, सभासदाने टंकलेला पत्ता स्मॉल, म्हणून नोंद सापडत नव्हती. पडद्यावर मात्र "ओटीपी पाठवला आहे" असाच संदेश येत होता, कारण कोणाचा पत्ता यादीत आहे हे बाहेरच्यांना कळू नये म्हणून मीच तो तसा ठेवला होता. मेल अडत नव्हता, तो निघतच नव्हता. लॉगमध्ये त्या प्रयत्नांची एकही नोंद नसणे ही याची खूण होती. मेल सर्व्हरपर्यंत गोष्ट गेली असती तर स्वीकारल्याची किंवा परत आल्याची काहीतरी ओळ उमटली असती.

दुरुस्ती एका ओळीची होती:

```
SELECT sadanika FROM sabhasad WHERE lower(email) = lower($1);
```

तुलनेच्या दोन्ही बाजू लहान अक्षरांत आणणे इथे आवश्यक होते. नुसती यादी लहान अक्षरांत करून भागले नसते, कारण फोनचा कीबोर्ड पुष्कळदा पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि सभासदाच्या ते ध्यानातही येत नाही. साठवलेला पत्ता मात्र मी बदलला नाही. सभासदाने जो दिला तोच ठेवायचा, मेल त्याच रूपात पाठवायचा आणि लहान अक्षरांचे रूप फक्त शोधण्यासाठी वापरायचे असे ठरवले. डॉट काढून तुलना करावी अशी सूचना समितीतील एका तरुण सभासदाने केली होती आणि दोन सदनिकांच्या उदाहरणात तिचा उपयोगही झाला असता. ती मी नाकारली, कारण जीमेलवर जी सोय ठरते ती आउटलुकवर दोन वेगळ्या माणसांना एक करून टाकते, आणि ते काय होते हे आम्ही नुकतेच पाहिले होते.

चारही तक्रारदारांना सचिवांनी नोटिशीच्या छापील प्रती हातोहात देऊन सह्या घेतल्या. फॉर्मवरील ईमेलचे चौकोन काढून टाकले. त्याऐवजी सभासदाने स्वतःच्या खात्यातून संस्थेच्या पत्त्यावर सदनिका क्रमांक लिहून एक मेल पाठवायचा आणि त्या मेलवर दिसणारा पाठवणाऱ्याचा पत्ता जसाच्या तसा यादीत चिकटवायचा असे ठरले. त्यामुळे पत्ता हाताने लिहिण्याची आणि वाचण्याची वेळच येत नाही. `noreply` ची पेटी आता दर सोमवारी उघडली जाते.

आउटलुकवरील त्या अपरिचित व्यक्तीला सचिवांनी दोन ओळींचा मेल पाठवून थकबाकीची यादी पुसून टाकण्याची विनंती केली. तो मेल स्वीकारला गेल्याची नोंद लॉगमध्ये आहे. उत्तर आलेले नाही.